आजारपणात आणि प्रवासात नमाज: काय सुटतं, काय सुटत नाही

माझे मामू नंदुरबारजवळच्या एका खेड्यात राहतात. वय अडुसष्ट. गेल्या हिवाळ्यात ओट्यावरून पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. नंदुरबारला फोटो काढला, तिथल्या डॉक्टरांनी सुरतेला न्यायला सांगितलं. खानदेशातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की गाडी सुरतेकडे वळते, हे इथल्या लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणाऱ्या आपल्या लोकांना नवीन नाही. रात्री नऊच्या सुमारास ते दवाखान्यात पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भेटायला गेले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य पायाबद्दल नव्हतंच. म्हणाले, "पाच नमाजा गेल्या गं. कपडे पाक नाहीत, वजू होत नाही, उठता येत नाही. बरा झालो की सगळ्या एकदम पढून घेईन."

पन्नास वर्षं एकही नमाज न चुकवलेला माणूस हे बोलत होता. आणि नेमकं हेच चुकीचं होतं. मी तीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या बायकांना दीनियात शिकवते. या काळात आजारी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावरच लिहायचं ठरवलं. मी हनफी रीत सांगते आहे, कारण खानदेशातले आणि सुरतेतले बहुतेक सुन्नी हनफी आहेत. शाफई आणि बोहरा रीत कुठे वेगळी पडते ते त्या त्या जागी सांगेन.

आधी नमाज पाच वेळा का, हे नीट समजून घ्यावं लागतं, कारण सवलतीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. कुरआनात नमाजीचा उद्देश अगदी थोडक्यात सांगितलाय: अल्लाहची आठवण राहावी म्हणून. आणि दुसऱ्या ठिकाणी सांगितलंय की ती ठरलेल्या वेळांना बांधलेली आहे. हे दोन धागे एकत्र विणले की पाच वेळांचा अर्थ लागतो. उजाडायच्या आधी फज्र, सूर्य कलल्यावर जोहर, दिवस उतरताना असर, सूर्य बुडाल्यावर मगरिब, काळोख गडद झाल्यावर इशा. म्हणजे माणूस झोपेतून कामात, कामातून थकव्यात, थकव्यातून घरात आणि घरातून पुन्हा झोपेत जातो, त्या प्रत्येक वळणावर त्याला थांबवलं जातं. पैगंबरसाहेबांनी याला नदीची उपमा दिली होती: दारातून नदी वाहते आहे आणि माणूस दिवसातून पाच वेळा तिच्यात अंघोळ करतो, तर अंगावर मळ राहील का? तापीकाठी राहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आठवडाभराची अंघोळ एका दिवशी उरकता येत नाही, तशा आठवड्याच्या नमाजा एका दिवशी पढून त्या आठवणीचं काम होत नाही.

म्हणून शरीअतीत वेळ फार घट्ट धरलेली आहे आणि बाकीच्या गोष्टी माणसाच्या ताकदीप्रमाणे सैल केल्या आहेत. उभं राहता येत नाही, तर बसून. बसता येत नाही, तर झोपून. पाणी चालत नाही, तर मातीवर तयम्मुम. किब्ल्याकडे वळता येत नाही, तर तोंड असेल तिकडे. प्रवासात चारच्या दोन रकात. पण वेळ आली आणि माणूस शुद्धीवर आहे, तर त्या वेळेतच काही ना काही पढायचं. कजा ही खरोखर निघून गेलेल्या नमाजीची भरपाई आहे. शुद्धीतल्या आजाऱ्यानं पुढे ढकलण्यासाठी ठेवलेली ती सोय नव्हे. आजारी माणसं नेमकं उलटं करतात. रीत पूर्ण जमत नाही म्हणून वेळ सोडून देतात.

त्या दिवशी बाजूच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला एक मौलाना आले होते. मामूंचं ऐकून ते स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "चाचा, सहाबांमध्ये इमरान बिन हुसैन होते, त्यांना मूळव्याध होती. त्यांनी विचारलं तेव्हा हुजूरांनी सांगितलं, उभं राहून पढा, नाही जमलं तर बसून, तेही नाही जमलं तर कुशीवर. तुमच्या खुब्याच्या हाडाला हेच लागू आहे." मामू गप्प झाले. मग विचारलं, "आणि सजदा?"

सजद्याचं असं आहे. ज्याला जमिनीवर डोकं टेकवता येत नाही त्यानं रुकू आणि सजदा दोन्ही डोक्याच्या इशाऱ्यानं करायचे, सजद्याला डोकं रुकूपेक्षा थोडं जास्त झुकवायचं. एवढा फरक ठेवला की झालं. उशी किंवा पाट उचलून कपाळाला लावायचा नाही, त्याची गरज नाही. उताणं झोपून पढायचं असेल तर डोक्याखाली उशी देऊन चेहरा जरा उचलतात आणि पाय किब्ल्याकडे करतात. हे पाहून घरातल्या बायका घाबरतात, किब्ल्याकडे पाय कसे करायचे म्हणून. त्यामागचं कारण सरळ आहे: मान उचलली की तोंड किब्ल्याकडे येतं. जमत असेल तर गुडघे थोडे दुमडायचे, म्हणजे तळवे किब्ल्याकडे पसरत नाहीत. मामूंच्या पायाला वजन बांधलं होतं, ते दुमडणं शक्यच नव्हतं, तर नाही दुमडले. खाट वळवणं शक्य नव्हतं, म्हणून खाट होती त्याच दिशेला पढले. दोन्ही चालतं.

इथे एक सीमा लक्षात ठेवा. डोकंही हलवता येत नसेल तर नुसत्या डोळ्यांच्या किंवा भुवयांच्या इशाऱ्यानं हनफी रीतीत नमाज होत नाही. अशा वेळी नमाज थांबते. हे एक दिवस-रात्रीपेक्षा जास्त चाललं तर त्या काळातल्या नमाजांची कजाही माफ होते. शाफई लोक डोळ्यांनी आणि तेही नसेल तर मनातल्या मनात पढायला सांगतात. कोकणातलं कुणी सुरतेच्या दवाखान्यात असेल तर त्यांनी आपल्या रीतीनं चालावं.

आता वजू. सलाइनची सुई असलेला हात, पट्टी बांधलेली जागा, टाके: यांवर पाणी घालायचं नाही. पट्टीवरून ओला हात फिरवायचा, त्याला मसह म्हणतात, आणि बाकीचे अवयव धुवायचे. मदतीला कुणी असेल आणि पाणी बाधत नसेल तर खाटेवरच बेसिन धरून वजू करता येतो. पाणी लागलं की दुखणं वाढेल किंवा बरं व्हायला उशीर लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा स्वतःला पक्का अनुभव असेल, तरच तयम्मुम. त्याला माती, दगड, कच्ची किंवा भाजलेली वीट, मडक्याचा न रंगवलेला तुकडा चालतो. चकचकीत टाइल किंवा ऑइलपेंटच्या भिंतीवर हात मारून तयम्मुम केला तर शंकेला जागा राहते. मामींनी घरून एका माठाचा तळहातापेक्षा मोठा तुकडा आणला, धुऊन वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. नर्सताईंना आधी दाखवला. हे विचारणं गरजेचं आहे, कारण वॉर्डात सुटी माती आणली तर जखमेला धोका होतो आणि दवाखान्याचे लोक हटकतात, ते योग्यच आहे. हात दोनदा मारायचे: एकदा तोंडावर फिरवायचे, दुसऱ्यांदा कोपरापर्यंत हातांवर. शाफई रीतीत हाताला धूळ लागेल अशी माती लागते, तिथे माठाचा गुळगुळीत तुकडा पुरत नाही.

मामूंना लघवीची नळी होती. तेच त्यांच्या मनात सगळ्यात जास्त होतं, ते म्हणाले, "मी तर सतत नापाक." अशा माणसाला माजूर म्हणतात. नमाजीची एखादी पूर्ण वेळ अशी गेली की वजू करून फर्ज पढण्याएवढाही कोरडा अवधी मिळाला नाही, तर तो माजूर ठरतो. त्यानंतर त्यानं दर वेळेसाठी एक वजू किंवा तयम्मुम करायचा. त्या वेळेत नळीतून कितीही थेंब आले तरी वजू टिकतो, त्यात फर्ज, सुन्नत, जुनी कजा, जे पढायचं ते पढावं. वेळ संपली की वजू संपला. सतत रक्त जाणाऱ्या बाईला, न भरणाऱ्या जखमेला हाच नियम. चादर किंवा कपडा बदलल्या बदलल्या पुन्हा खराब होत असेल, किंवा बदलताना रुग्णाला असह्य त्रास होत असेल, तर त्याच कपड्यांत पढायची. मासिक पाळी आणि बाळंतपणाचे दिवस मात्र यात येत नाहीत. त्या दिवसांतल्या नमाजा पूर्ण माफ आहेत, त्यांची कजाही नाही. कजा करायची ती फक्त रोजांची.

मामूंनी मंगळवारच्या जोहरपासून बुधवारच्या फज्रपर्यंत पाच नमाजा सोडल्या होत्या, त्यांची कजा बुधवारीच केली. आणि इथे प्रवासाचा हिशेब आला.

हनफी रीतीत मुसाफिर कोण? जो आपल्या गावाची वस्ती ओलांडून सुमारे 78 किलोमीटर किंवा त्याहून दूर जायचं ठरवून निघाला तो. देवबंदी मुफ्ती साधारण हा आकडा धरतात, बरेलवी उलेमा सुमारे 92 धरतात. हे अंतर एका बाजूचं मोजायचं, जाऊन-येऊन नव्हे. आणि ज्या रस्त्यानं जाणार त्या रस्त्याचं. सुरतेहून नवसारी, बारडोली, व्यारा, भरूच इथे गेलेला मुसाफिर होत नाही, कितीही थकला तरी. नंदुरबार, जळगाव, मुंबईला निघालेला दोन्ही मतांप्रमाणे होतो. वलसाडसारखं गाव एकदम काठावर येतं, तिथे रेल्वेचं अंतर वेगळं आणि रस्त्याचं वेगळं. तिथे आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून एकदाच ठरवून घ्यावं. टेम्पो चालवणारा आधी बारडोली, तिथून फोन आला म्हणून व्यारा, मग सोनगढ असा हळूहळू दूर गेला, तर निघताना नियत नसल्यामुळे तो त्या जाण्यात मुसाफिर होत नाही.

मुसाफिर जोहर, असर, इशाचे फर्ज चारऐवजी दोन रकात पढतो. याला कसर म्हणतात. मगरिब तीनच, फज्र दोनच, वित्र तीनच. एका सहाबींनी हजरत उमरना विचारलं होतं की कुरआनात कसर भीतीच्या प्रसंगी सांगितलीय, आता तर सगळीकडे अमन आहे. हजरत उमर म्हणाले की मलाही हाच प्रश्न पडला होता, मी हुजूरांना विचारलं, त्यांनी सांगितलं की ही अल्लाहची देणगी आहे, ती घ्या. म्हणून एसी डब्यातून आरामात जाणाऱ्यालाही कसरच. हनफी रीतीत ती ऐच्छिक नाही, एकट्यानं पढताना मुद्दाम चार पढणं चूक आहे. गावातल्या मुकीम इमामाच्या मागे उभं राहिलं तर मात्र त्याच्याबरोबर पूर्ण चार. उलट इमाम मुसाफिर असेल तर तो दोनवर सलाम फेरतो आणि मागचे गावकरी उठून उरलेल्या दोन पुऱ्या करतात. प्रवासात घाई असेल तर सुन्नत सोडता येतात, फज्रच्या सुन्नत शक्यतो सोडू नयेत. जुमाही मुसाफिरावर आणि आजाऱ्यावर बंधनकारक नाही, त्यानं जोहर पढावी.

आता मामूंच्या त्या पाच नमाजा एकेक पाहू. मंगळवारी जोहरच्या पूर्ण वेळात ते नंदुरबारला एक्स-रेच्या धावपळीत होते. गाव आणि नंदुरबार यांतलं अंतर थोडं, म्हणजे तेव्हा ते मुकीमच. ती जोहर चार रकात. रुग्णवाहिका निघाली तेव्हा असरची अजान होऊन गेली होती, आणि सूर्य बुडाला तेव्हा गाडी नवापूरच्या पुढे होती. हनफी रीतीत नमाज किती रकातींची हे त्या वेळेच्या शेवटी माणूस कुठे आहे यावर ठरतं. असरची वेळ संपताना मामू मुसाफिर होते, म्हणून असर दोन रकात, जरी अजान त्यांनी नंदुरबारात ऐकली होती. मगरिब तीन. इशा दोन आणि वित्र तीन. बुधवारची फज्र दोन. एकूण सोळा रकात. मौलानांनी हे एका औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं आणि मामूंनी इशाऱ्यानं, दोन टप्प्यांत, दुपारच्या आत पढून टाकलं.

एक नियम यातून लक्षात ठेवा: नमाज ज्या अवस्थेत गेली त्या अवस्थेच्या रकाती. प्रवासात गेलेली जोहर घरी आल्यावर दोनच पढायची. घरी गेलेली जोहर गाडीत पढली तरी चार. पण उभं, बसून की झोपून, हे मात्र पढताना जी ताकद आहे तिच्यावर. आजारात गेलेली नमाज बरं झाल्यावर उभं राहूनच पढावी लागते, आणि धडधाकट असताना गेलेली आजारात इशाऱ्यानं पढली तरी होते. शाफई रीतीत प्रवासातली कजा घरी आल्यावर पूर्ण चार पढतात, हे कोकणी वाचकांनी ध्यानात घ्यावं.

गुरुवारी अकराला ऑपरेशन झालं. मध्येच श्वासाचा त्रास झाला म्हणून रात्रभर व्हेंटिलेटरवर औषध देऊन झोपवून ठेवलं. शुक्रवारी सकाळी दहाला डोळे उघडले. जोहर, असर, मगरिब, इशा, फज्र: पाच गेल्या. माणूस आपोआप बेशुद्ध झाला आणि बेशुद्धी पाच नमाजांच्या आत संपली तर त्या सगळ्यांची कजा करायची, सहावी नमाजही बेशुद्धीतच गेली तर हनफी रीतीत सगळ्या माफ. औषधानं आणलेल्या बेशुद्धीला मात्र आपले ग्रंथ वेगळं मानतात, ती लांबली तरी कजा धरतात. मामूंच्या बाबतीत पाचच होत्या, वादच नव्हता. हिशेब: जोहर दोन, असर दोन, मगरिब तीन, इशा दोन, वित्र तीन, फज्र दोन. चौदा रकात. हेच गावी घडलं असतं तर वीस झाल्या असत्या.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्याच्या अंगावर सहापेक्षा कमी कजा आहेत, जुनी काही शिल्लक नाही, त्याला साहिबे-तरतीब म्हणतात. त्यानं आधी कजा क्रमानं पढायच्या आणि मग चालू वेळेची. मामू तसे होते, म्हणून शुक्रवारची जोहर पढण्याआधी त्यांनी या पाच पढल्या. वेळ इतकी थोडी उरली असेल की कजा पढत बसलं तर चालू नमाजही जाईल, तर आधी चालू पढायची. सहा किंवा जास्त कजा झाल्या की हा क्रम सुटतो, मग जशा जमतील तशा पढाव्यात. सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना कजा पढू नये, एवढं सांभाळायचं.

त्याच संध्याकाळी मामींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या नमाजांच्या बदल्यात गहू वाटला तर? रोजांचा देतात ना फिद्या." पुष्कळ घरांत हा विचार होतो, आणि तो प्रेमापोटी होतो. पण जिवंत माणसाच्या नमाजीला फिद्या नाही. तो पढू शकतो तोवर पढणं, आणि पढूच शकत नसेल तर माफी. माणसानं मरताना वसीयत केली असेल तर त्याच्या मालमत्तेच्या एक तृतीयांशातून, प्रत्येक नमाजीमागे फित्र्याएवढं धान्य किंवा त्याची किंमत देतात, वित्र वेगळी धरून दिवसाला सहा. तो हिशेब मागे राहिलेल्यांनी करायचा असतो, रुग्णाच्या उशाशी बसून नव्हे.

डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं आठ दिवस, मग म्हणाले आणखी पाच, मग टाके काढेपर्यंत आणखी चार. एकूण सतरा दिवस झाले. मुलानं विचारलं, "पंधरा दिवस ओलांडले, आता अब्बांनी चार पढायच्या का?" नाही. मुकीम होण्यासाठी एकाच ठिकाणी सलग पंधरा दिवस किंवा जास्त राहायचं असं मनात पक्कं ठरवावं लागतं. आज-उद्या सुट्टी मिळेल म्हणत माणूस महिना राहिला तरी तो मुसाफिरच. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले असते की तीन आठवडे लागतील, आणि मामूंनी तसं ठरवलं असतं, तर त्या क्षणापासून पूर्ण चार. शाफई रीतीत ही मुदत चार दिवसांची आहे, येण्या-जाण्याचा दिवस सोडून.

आज-उद्या म्हणत थांबणाऱ्याचा हा नियम सुरतेइतका समजणारं शहर दुसरं नसेल. मुघलांच्या काळात हिंदुस्थानातले बहुतेक हाजी इथून जहाजात बसायचे, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. बादशहा अकबराची आत्या गुलबदन बेगम 1576 मध्ये इथून हजला निघाली, तीही जहाजाच्या परवानगीसाठी बराच काळ सुरतेत अडकून पडली होती. वारा आज फिरेल, उद्या फिरेल अशी वाट पाहणाऱ्यांसाठी 1644 च्या सुमारास इथे सराय बांधली गेली. मुगलीसरातल्या त्या इमारतीत आज महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. पगाराच्या कागदांसाठी मी तिथे कितीदा तरी गेले, आणि दर वेळी वाटायचं की या अंगणात किती लोकांनी चारच्या दोन रकात पढल्या असतील, निघायचा दिवस ठाऊक नसताना.

मामूंच्या मुलाची गोष्ट वेगळी. तो बायको-मुलांसह लिंबायतला राहतो, लूमवर काम करतो. सुरत हे त्याचं राहतं घर, तिथे तो पूर्ण पढतो. तो गावी गेला की काय? वाटेत तो मुसाफिर, नवापूर स्टेशनवर जोहर पढली तर दोन. गावात पोचल्यावर मात्र त्याला स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल: मी गाव राहण्यासाठी कायमचं सोडलंय का? सोडलं नसेल, म्हणजे तिथेही घर चालू आहे आणि परत राहायला जायचंय, तर गाव हेही त्याचं वतन, पोचल्या पोचल्या पूर्ण चार. कायमचं सोडलं असेल, फक्त आई-वडिलांना भेटायला जातो, तर पंधरा दिवसांपेक्षा कमी राहताना कसर. गावी शेत-घर शिल्लक असेल तर उलेमांची मतं थोडी वेगळी पडतात. आपली खरी स्थिती सांगून मुफ्तींकडून एकदा उत्तर घ्यावं आणि मग दर वर्षी तेच धरावं. सुरतेत यासाठी लांब जावं लागत नाही. तापीपलीकडच्या रांदेरला जुने मदरसे आहेत, आणि तिथले मुफ्ती सय्यद अब्दुर्रहीम लाजपुरी यांचा 'फतावा रहीमिया' असल्याच रोजच्या प्रश्नांनी भरलेला आहे.

गाडीतल्या नमाजीबद्दल थोडं. डब्यात पाणी असतं, म्हणून तयम्मुम नाही. फर्ज उभं राहून, किब्ल्याकडे तोंड करून पढायची. गाडी वळली आणि कळलं तर आपणही वळायचं. सुरत आणि मक्का दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण एकवीस अंशांवर आहेत, त्यामुळे आपला किब्ला जवळपास सरळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे गाडी पूर्वेला जाते, म्हणजे जाताना किब्ला गाडीच्या शेपटीकडे आणि येताना इंजिनाकडे. फ्लाइंग राणीनं मुंबईला जाताना तो उजव्या हाताला, परतताना डाव्या. थंडीत ही गाडी फज्रची वेळ लागायच्या आधीच सुरत सोडते, तेव्हा फज्र गाडीतच पढावी लागणार हे धरूनच वजू करून बसावं. डब्यात पाय ठेवायला जागा नसेल तर बसल्या जागी, असेल त्या दिशेला, इशाऱ्यानं पढून घ्यायची आणि उतरल्यावर ती पुन्हा पढायची. ही अडचण माणसांच्या गर्दीची आहे, आजाराची नव्हे, म्हणून पुन्हा पढावी लागते. गाडीत जागा नव्हती म्हणून सोडूनच दिली, असं करू नये.

दोन नमाजा एकत्र करणं हनफी रीतीत फक्त हजमध्ये, अरफात आणि मुजदलिफ्यात आहे. प्रवासात जोहर तिच्या शेवटच्या वेळेत आणि असर तिच्या सुरुवातीला पढली तर एकाच थांब्यात दोन्ही होतात आणि दोन्ही आपापल्या वेळेतही राहतात. शाफई मुसाफिर जोहर-असर आणि मगरिब-इशा खरोखर एकत्र करू शकतो. दाऊदी बोहरा बांधव तर एरवीही त्या जोडीनंच पढतात, त्यांचे बाकीचे मसाइल त्यांनी आपल्या आमिलसाहेबांना विचारावेत. शेजारच्या खाटेवरचा माणूस वेगळं पढतोय म्हणून त्याला टोकू नका आणि त्याची सोय उचलून आपल्या नमाजीला लावूही नका.

मामू अठराव्या दिवशी गावी गेले. खुर्चीवर बसून पढतात, घरी पोचल्यापासून चार. त्यांच्या कजाची चिठ्ठी कोरी झालेली आहे.

सुरतेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात आज खानदेशातला एखादा म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला असेल आणि नमाजीची वेळ जाताना पाहत असेल. तुम्ही कुणाला भेटायला गेलात तर त्याला नमाजीबद्दलही विचारा. माठाचा एक तुकडा पिशवीत टाकून न्या. त्याला सांगा की चाचा, तुम्ही गावाहून आलात, तुमच्या जोहरच्या दोनच रकात आहेत आणि त्या डोकं हलवून होतात.